वरच्या मजल्यावर रेंज फुल, तरी नेट अडखळते: मेश वाय-फायच्या नोडची जागा, चॅनेल आणि वायर

कोथरूडमधील आमचे घर तळमजला अधिक दोन मजले असे आहे. तक्रार दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीची होती. तिथे माझी मुलगी दिवसभर ऑफिसचे काम करते. तिच्या फोनवर वाय-फायची रेंज नेहमी फुल दिसायची आणि तरीही व्हिडिओ कॉल दर पाच-दहा मिनिटांनी गोठायचा. काहीतरी हलवाहलव केली की आठवडाभर बरे जायचे आणि मग, बहुधा गुरुवारी दुपारनंतर, तेच दुखणे पुन्हा डोके वर काढायचे. घरात तीन नोडचा मेश संच आहे, म्हणजे एकमेकांशी बोलून एकच वाय-फाय घरभर पसरवणारे तीन डबे, आणि तो दोन बँडचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झचा आहे. फायबरची जोडणी २०० एमबीपीएसची असून कंपनीचा मोडेम आणि त्याला जोडलेला मुख्य नोड खालच्या हॉलमध्ये, पुढच्या दाराशी आहेत.

पहिली शंका कंपनीवर जाते, म्हणून ती आधी मिटवली. लॅपटॉप वायरने थेट मोडेमला जोडून मोजले तेव्हा १९६ एमबीपीएस मिळाले, म्हणजे बाहेरून येणारे पाणी पुरेसे होते आणि गळती घरातल्या नळात होती. त्यानंतर मागच्या खोलीत बसून विंडोजच्या लॅपटॉपवरून इंटरनेटला नव्हे, तर घरातल्याच मुख्य नोडला पिंग दिले.

```
ping -n 100 192.168.0.1
```

खालच्या हॉलमध्ये प्रत्येक उत्तर दोन ते पाच मिलिसेकंदांत येत होते आणि एकही पॅकेट हरवत नव्हते. वरच्या खोलीत शंभरपैकी सात उत्तरे आलीच नाहीत आणि काहींना ४०० मिलिसेकंद लागले. हे पिंग घराबाहेर जातच नाही, त्यामुळे दोष खोली आणि तळमजला यांच्या मधल्या वाटेवरच असणार हे नक्की झाले. कंपनीला फोन करण्यापूर्वी ही दोन मिनिटांची चाचणी करावी, कारण तिकडून येणारा माणूस मोडेमपाशी उभा राहून वेग दाखवतो आणि निघून जातो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असते.

मग फुल रेंज असूनही नेट का अडखळते? फोनवरची रेंज ही फोन आणि त्याच्या जवळचा नोड यांच्यातील असते. तो नोड पुढे मुख्य नोडशी कसा बोलतो आहे, हे फोनला दिसत नाही. नोड ते नोड या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. मी तिसरा नोड मुलीच्या खोलीतच, टेबलावर ठेवला होता, कारण रेंज जिथे नाही तिथे नोड ठेवावा असे कोणालाही वाटते. त्यामुळे फोनला उणे ४२ डीबीएम इतका दणदणीत संकेत मिळत होता, पण त्या नोडला स्वतःला खालून उणे ८१ मिळत होता. ही मोजपट्टी उणे आकड्यांची असल्याने शून्याकडे जावे तसा संकेत बळकट होतो. बॅकहॉलसाठी उणे ५५ ते उणे ६५ चांगला असतो, उणे ७० नंतर वेग भराभर पडतो आणि उणे ८० च्या आसपास दुवा केवळ नावापुरता उरतो.

अनेक संचांचे ॲप हा आकडा दाखवत नाही, नुसते ‘चांगला’ किंवा ‘कमकुवत’ एवढेच लिहिते. त्यावर सोपी युक्ती आहे. जिथे नोड ठेवायचा आहे नेमक्या तिथे अँड्रॉइड फोन ठेवावा, त्या जागेचा नोड बंद करावा आणि वाय-फाय तपासणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये वरच्या बाजूच्या, म्हणजे ज्याच्याकडून डेटा येणार आहे त्या, नोडचा ५ गिगाहर्ट्‌झचा आकडा वाचावा. फोन हातात धरून नव्हे, टेबलावर ठेवून अर्धा मिनिट थांबावे, कारण तळहातानेही आकडा पाच-सहाने घसरतो. फोनचा अँटेना नोडच्या अँटेनापेक्षा लहान असतो. त्यामुळे नोडला प्रत्यक्षात थोडा अधिक चांगला संकेत मिळतो, पण जागांची आपापसात तुलना करायला ही पद्धत पुरते.

मी फोन घेऊन जिना चढत गेलो. मुख्य नोडजवळ उणे ३५, जिन्याच्या पायथ्याशी उणे ५२, पहिल्या मजल्यावर जिना जिथे उघडतो तिथल्या पॅसेजमध्ये उणे ६१, दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये उणे ७४ आणि मागच्या खोलीत उणे ८४. पहिल्या मजल्यावर जिन्याऐवजी पुढच्या बेडरूममध्ये, म्हणजे मुख्य नोडच्या बरोबर डोक्यावर मोजले, तर उणे ७२ आले, आणि दुसरा नोड तोपर्यंत नेमका तिथेच होता. अंतर कमी असूनही संकेत वाईट येतो तो स्लॅबमुळे. पाच-सहा इंच काँक्रीट आणि त्यातली सळयांची जाळी ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचा मोठा हिस्सा खाऊन टाकते. तिरकी वाट तर आणखी महाग पडते, कारण लहर स्लॅबमधून तिरपी जाते तेव्हा तिला जास्त जाडी पार करावी लागते आणि वाटेत भिंतीही लागतात. जिन्याची पोकळी मात्र प्रत्येक मजल्याला उघडी असते, आणि मजलेवाल्या घरात वाय-फायला मिळणारी तीच खरी वाट आहे. पेठांतल्या काळ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरांत तर दोन खोल्यांमध्येही हाच प्रकार होतो, तिथे दारे ही वाट होते.

म्हणून दुसरा नोड पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारच्या पॅसेजमध्ये आणला आणि तिसरा खोलीतून बाहेर काढून दुसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, जिन्याच्या कठड्याजवळच्या स्टुलावर ठेवला. दुसऱ्याचा बॅकहॉल उणे ६० आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याचा उणे ६३ झाला. खोलीत फोनची रेंज एका रेघेने कमी झाली, पण वेग ९ वरून ७० एमबीपीएसवर गेला आणि हरवलेली पॅकेट्स शून्यावर आली. मधल्या काळात आईने पहिल्या मजल्यावरचा नोड ‘रात्री दिवा लुकलुकतो’ म्हणून उचलून शोकेसमध्ये, स्टीलच्या भांड्यांच्या मागे ठेवला होता, तेव्हा वेग पुन्हा निम्म्यावर आला. ॲपमधून दिवा बंद करता येतो, हे तिला आधी सांगायला हवे होते. धातू, आरसा आणि पाण्याची टाकी यांच्यामागे नोड ठेवू नये.

७० का, २०० का नाही, हा प्रश्न मुलीने विचारला आणि तो रास्त होता. दोन बँडच्या संचात वरचा नोड खालून डेटा घेतो तोही ५ गिगाहर्ट्‌झच्या एकाच चॅनेलवर आणि फोनला देतो तोही त्याच चॅनेलवर. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, त्यामुळे टप्पे एकामागून एक पार पडतात. समजा मुख्य नोड ते दुसरा आणि दुसरा ते तिसरा हे दोन्ही दुवे स्वतंत्रपणे ३०० एमबीपीएस देऊ शकतात, आणि तिसरा नोड ते खोलीतला लॅपटॉप हा दुवा मधल्या भिंतीमुळे १५० देतो. तर ३०० मेगाबिट डेटा खोलीत पोहोचायला पहिल्या टप्प्याला एक सेकंद, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला दोन, असे चार सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ७५. आमचे ७० त्याच्या अगदी जवळचे होते. नोडची संख्या वाढवून हा हिशेब सुधारत नाही, उलट साखळीत आणखी एक टप्पा वाढला तर बिघडतो. तीन बँडच्या संचात बॅकहॉलला वेगळा रेडिओ असल्यामुळे फोनचा टप्पा या हिशेबातून सुटतो, पण नोड ते नोड दोन उड्या असतील तर त्या एकाच रेडिओवर वेळ वाटून घेतात.

इथे प्रकरण संपायला हवे होते, पण दोन आठवड्यांनी गुरुवारी पुन्हा कॉल गोठला. आमच्या भागात देखभालीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारीच. ॲपमध्ये नोडची रचना पाहिली तर तिसरा नोड दुसऱ्याला न धरता थेट तळमजल्यावरच्या मुख्य नोडला उणे ७९ वर चिकटलेला दिसला. खालचा हॉल इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे मुख्य नोड बंदच पडत नाही, आणि वीज आल्यावर वरचे दोन नोड एकाच वेळी सुरू होतात. दुसरा पूर्ण उभा राहण्याआधीच तिसरा आपला पालक, म्हणजे ज्याच्याकडून डेटा घ्यायचा तो नोड, शोधू लागतो, त्याला फक्त मुख्य नोड दिसतो, तो त्याला धरतो आणि पुढे दुवा तुटत नाही तोवर सोडत नाही. खात्री करण्यासाठी वरच्या मजल्यांचा एमसीबी पाडून पुन्हा चढवला. चारपैकी तीन वेळा हेच झाले. एकट्या तिसऱ्या नोडला बंद करून चालू केले की तो बरोबर दुसऱ्याकडे जायचा. काही संचांत नोडचा पालक ठरवून देण्याची सोय असते, आमच्यात नव्हती, म्हणून दुसरा नोडही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला.

त्याच वेळी चॅनेलचा दोषही हाती लागला. वायरलेस बॅकहॉल असलेल्या मेशमध्ये सर्व नोड ५ गिगाहर्ट्‌झवर एकाच चॅनेलवर असावे लागतात, नाहीतर ते एकमेकांशी बोलणार कसे? त्यामुळे मुख्य नोडने चॅनेल बदलला की सारे घर त्याच्यामागे सरकते, आणि त्या सरकण्यात कॉल तुटतो. आमचा मुख्य नोड ‘ऑटो’वर होता आणि एका नोंदीत त्याने चॅनेल १०० धरून काही तासांनी ‘रडार आढळले’ म्हणत सोडल्याचे दिसले. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ या चॅनेलांच्या पट्ट्यात रडारही चालतात. रडारचा संकेत ऐकू आला तर राउटरने ती जागा ताबडतोब सोडावी आणि नव्या चॅनेलवर बोलण्यापूर्वी निदान एक मिनिट नुसते ऐकावे, असा नियम अशा उपकरणांत घातलेला असतो. संकेत खरा होता की राउटरचा भास, याने फरक पडत नाही, कारण घरभर नेट दोन्ही वेळा जाते.

भारतात २०१८ पासून ५ गिगाहर्ट्‌झचे मोठे पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले आहेत, पण ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा चॅनेल घ्यायचा आणि रडारच्या वाटेला जायचे नाही असे ठरवले, तर ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे दोनच गट उरतात. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांचे नऊ राउटर दिसले, त्यांतले सहा ३६ ते ४८ मध्येच होते. म्हणून १४९ कायमचा ठरवून दिला. तुमच्याकडे दोन्ही गट भरलेले असतील तर रुंदी ८० वरून ४० वर आणावी. कागदावरचा वेग निम्मा होतो, पण थांबण्याची पाळी कमी येते, आणि कॉलला वेगापेक्षा सातत्य लागते. २.४ गिगाहर्ट्‌झवर रुंदी २० ठेवून १, ६ किंवा ११ यांपैकी जो सर्वांत मोकळा असेल तो घ्यावा. तिथे ४० ठेवणे म्हणजे स्वतःची आणि शेजाऱ्याची दोघांचीही वाट अडवणे.

या सगळ्यानंतर दुखणे आटोक्यात आले, पण ७० चे २०० होणार नव्हते. त्यासाठी वायर हवी होती. विजेच्या वायरींतूनच नेट नेणारे अडॅप्टर घ्यावे का, असाही विचार केला. पण आमच्याकडे थ्री फेज जोडणी असून प्रत्येक मजला वेगळ्या फेजवर आहे, आणि फेज बदलली की त्या अडॅप्टरांचा वेग कोसळतो, म्हणून तो सोडून दिला. झिरी मारून भिंती फोडायच्या नव्हत्या. मात्र गच्चीवरच्या डिशची केबल ज्या कन्सील पाइपातून खाली हॉलपर्यंत येते, तो पाइप प्रत्येक मजल्याच्या टीव्ही पॉइंटपाशी उघडतो, आणि दुसऱ्या मजल्याचा टीव्ही पॉइंट नेमका मागच्या खोलीत आहे. डिश आम्ही केव्हाच बंद केली आहे. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपातून नेटची केबल नेऊ नये, पण हा पाइप स्वतंत्र होता.

वायरमनने जुनी डिशची केबलच ओढदोरी म्हणून वापरली. दोन कॅट-६ केबलींची टोके वर-खाली सरकवून, जाडी एका जागी येणार नाही अशा बेताने तिच्याभोवती चिकटपट्टीने निमुळती गुंडाळली, वर टाल्कम पावडर फासली आणि एक जण वरून सोडत, दुसरा खालून ओढत काम सुरू केले. पहिल्या मजल्याच्या एल्बोपाशी ते अडकले. तिथे जोर न लावता हातभर मागे घेऊन, केबल बोटांत फिरवून पुन्हा ओढली तेव्हा सुटली. जोर लावला असता तर चिकटपट्टी निघून टोके पाइपात राहिली असती. केबल घेताना ती शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ती वाकवताना तुटते आणि टोकाशी पकड सैल पडते.

केबल जोडली, दिवे लागले, आणि वेग ९४ वर अडकला. हा आकडा ओळखीचा आहे. जोडणी १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर ठरली की प्रत्यक्षात साधारण एवढेच मिळते. विंडोजच्या लॅपटॉपवर केबल लावून खात्री केली.

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

उत्तर `100 Mbps` आले. शंभरला फक्त केशरी आणि हिरवी अशा दोन जोड्या पुरतात, हजारला चारही लागतात. म्हणजे निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली होती. वरच्या टोकाचा प्लग उजेडात धरून पाहिला तर तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती, दोन मिलिमीटर मागे राहिली होती. तो प्लग कापून पुन्हा क्रिंप केला, क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवला: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. त्यानंतर `1 Gbps` दिसले.

एक चूक अजून बाकी होती आणि ती फार जणांकडून होते. मुख्य नोडचे पोर्ट अपुरे होते, म्हणून वायरमनने वरची एक केबल कंपनीच्या मोडेमच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचली. दिवा लागला, पण वरच्या खोलीतल्या फोनला 192.168.1 ने सुरू होणारा पत्ता मिळाला आणि खालच्यांना 192.168.0 चा. मोडेम आणि मुख्य नोड दोघेही राउटरचे काम करत असताना मोडेमला लागलेला नोड मुख्य नोडच्या जाळ्याबाहेर पडतो. ॲपमध्ये तो कधी हरवलेला दिसतो, तर कधी वायरलेसवर परत जातो. वरच्या नोडची केबल नेहमी मोडेमला नव्हे, तर मुख्य नोडला लागली पाहिजे. पोर्ट कमी असतील तर मुख्य नोडला पाच पोर्टचा साधा गिगाबिट स्विच लावून सर्व केबली त्याच्यात आणाव्यात. दुसरा पर्याय म्हणजे मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून, म्हणजे त्याचे राउटरचे काम बंद करून घेणे, पण ते कंपनीकडूनच करून घ्यावे लागते. केबल लावताक्षणी स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकू लागले आणि घरभर नेट ठप्प झाले, तर वायर आणि वायरलेस या दोन वाटांचे वर्तुळ तयार झाले आहे असे समजावे. अशा वेळी केबल काढून नोडचे फर्मवेअर अद्ययावत करावे, ॲपमध्ये वायरचा बॅकहॉल चालू असल्याची खात्री करावी आणि मग पुन्हा जोडावी.

वायर आल्यावर जागेचा नियम उलटतो. नोडला आता खालचा संकेत ऐकायचा नसतो, म्हणून तो जिन्याजवळ असण्याची गरज उरत नाही आणि तो कमकुवत कोपऱ्यातच असावा हे बरोबर ठरते. आमचा तिसरा नोड चार महिन्यांची फेरी मारून मुलीच्या त्याच टेबलावर परत आला, आणि तिथे आता वाय-फायवर १८५ ते १९५ मिळतात. पहिल्या मजल्याचा नोड दुसऱ्या केबलवर आहे. ज्या संचांत प्रत्येक नोडला वेगळा चॅनेल देता येतो, तिथे आता शेजारच्या मजल्यांना ३६ आणि १४९ असे आलटून-पालटून देता येतात. आमचा संच तशी मुभा देत नाही, त्यामुळे सगळे १४९ वरच आहेत. फोन जिना चढूनही खालच्या नोडला धरून बसत असेल तर मधल्या नोडची प्रसारणशक्ती ‘मध्यम’ करून पाहावी. आमच्या इथे तेवढ्याने भागले.

गच्चीवरचे पाइपाचे तोंड मात्र पावसाळ्याआधी बंद केले. आधी तिथे डिशची केबल असल्याने पाणी थोडेफार अडत होते, ती काढल्यावर भोक उघडे राहिले होते. नव्या केबली दुसऱ्या मजल्याच्या पॉइंटच्या वर, गच्चीपर्यंत नेलेल्या नाहीत, म्हणजे वीज चमकली तर तिचा धक्का त्या वाटेने खाली येणार नाही. परवाच्या गुरुवारी अकरा ते चार वीज नव्हती. आल्यावर नोड कोणत्या क्रमाने सुरू झाले ते मी पाहिलेही नाही. आता एकच कोपरा कच्चा आहे, मागच्या अंगणातल्या कपडे धुण्याच्या दगडाशी, आणि तिथे २.४ वर उणे ७५ मिळतो. आईचे भजनाचे व्हिडिओ त्यावर चालतात, म्हणून तिथे चौथा नोड घेतलेला नाही.